पैठणीवरचं ‘हँडलूम मार्क’ लेबल खरं की नकली? फोटोत काय बघाल

लग्नसराई आली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पैठणीचे फोटो सुरू होतात. साडीच्या कडेला एक छोटं लेबल, त्यावर क्यूआर कोड आणि खाली ओळ: ‘ओरिजिनल येवला, हातमाग, सरकारी मार्क.’ लेबल दिसलं की माणूस निर्धास्त होतो. फसवणूक नेमकी तिथेच होते.

लेबल नेमकं काय सांगतं?

‘हँडलूम मार्क’ ही केंद्र सरकारची योजना 2006 साली सुरू झाली. मुंबईची वस्त्रोद्योग समिती, म्हणजे टेक्स्टाइल्स कमिटी, ती चालवते. नोंदणी केलेल्या विणकरांना, सोसायट्यांना आणि व्यापाऱ्यांना ही लेबलं मिळतात. कापड हातमागावर विणलंय, एवढीच त्याची हमी. धागा रेशमाचा आहे की नाही, हे हे लेबल सांगत नाही.

रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ वेगळा आहे. तो धागा शुद्ध रेशमाचा असल्याचं सांगतो, पण कापड हातमागाचं आहे असं सांगत नाही. पॉवरलूमच्या रेशमी साडीवरही सिल्क मार्क असू शकतो. त्यामुळे सिल्क मार्क दाखवून कोणी ‘हातमागाची पैठणी’ म्हणत असेल, तर लेबल खरं असूनही दावा खोटा असू शकतो.

सोसायटीच्या लेबलवर संस्थेचं पूर्ण नाव, गाव आणि नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. नुसतं ‘विणकर सोसायटी’ किंवा ‘शुद्ध हातमाग’ असं छापलेली पट्टी कुठल्याही छापखान्यात बनते.

एक उदाहरण

समजा, ग्रुपवर तीन पैठण्या आल्या: जांभळी, हिरवी आणि लाल. किंमत प्रत्येकी चार हजार. तिन्ही फोटोंत लेबल आहे. आता फोटो मोठा करून लेबलवरचा नंबर वाचा. प्रत्येक लेबलचा नंबर वेगळा असतो. तिन्ही साड्यांवर एकच नंबर दिसला, तर लेबल एकाच ठिकाणाहून उचललंय किंवा छापून घेतलंय.

नंबर वेगळे असतील किंवा वाचता येत नसतील, तर लेबलची बसण बघा. साडीला घडी आहे, पण लेबल पाटीसारखं सपाट. साडीवर उजेड डावीकडून, पण लेबलची सावलीच नाही. साडी धूसर, पण लेबलवरची अक्षरं काचेसारखी स्वच्छ. असं दिसलं तर लेबल फोटोत नंतर चिकटवलेलं असण्याची शक्यता मोठी. नंबरावर नेमका अंगठा आलेला असेल किंवा फोटो तिथेच कापलेला असेल, तर दुसरा फोटो मागा.

मात्र फोटो अंधुक आहे म्हणून लगेच खोटा ठरवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना बारीक होतो आणि खऱ्या लेबलचीही अक्षरं फुटतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तो मूळ आकारात येतो.

कोड स्कॅन झाला, तरी थांबा

खऱ्या लेबलची झेरॉक्स काढली तर तिचा क्यूआर कोडही व्यवस्थित स्कॅन होतो. म्हणून कोड उघडला एवढ्यावर समाधान मानू नका. उघडणाऱ्या पानावर कोणत्या विणकराचं किंवा संस्थेचं नाव येतं ते वाचा आणि विकणाऱ्याला विचारा, ‘हा माल तुम्ही यांच्याकडूनच घेतला का? बिल आहे का?’ मग त्या संस्थेला स्वतः फोन करा. विकणाऱ्याने दिलेल्या नंबरवर मात्र करू नका. कोड विकणाऱ्याच्याच पेजवर जात असेल, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

शेवटी कापडच बघावं लागतं

खरं लेबल काढून दुसऱ्या साडीला लावता येतं, हे कुठल्याच फोटोत कळत नाही. म्हणून एक सलग व्हिडिओ मागा: आधी लेबल, मग न थांबता पदराची सुलटी बाजू आणि मग उलटी. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर किंवा वेल दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो, कारण विणकर रंगाचे धागे नक्षीपुरतेच गुंफत जातो. मशीनच्या पैठणीत मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. मागे जाळी किंवा अस्तर शिवलेलं असेल, तर ते उचलून दाखवायला सांगा. व्हिडिओ द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे पाठवू नका.

पैसे गेले असतील तर फोटो, चॅट आणि पेमेंटची पावती डिलीट करू नका. ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 वर लगेच फोन करा. दुकानदाराने खोटा माल दिला असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.