पेन्शनचा एकरकमी परतावा की मासिक पेन्शन (सोलापूर)

भविष्यनिर्वाह निधीच्या कक्षेतील नोकरी सुटल्यावर पेन्शन खात्याचे पैसे एकदम उचलायचे, की झालेली सेवा नोंदवून ठेवून पुढे दरमहा पेन्शन घ्यायची, हा निर्णय. सोलापुरात तो मुख्यतः विडी कारखाने, सूतगिरण्या, चादर-टॉवेलचे मोठे यंत्रमाग कारखाने यांतील कामगारांना आणि पुणे-चाकणकडे कंत्राटी कामाला जाऊन परतणाऱ्या तरुणांना घ्यावा लागतो. त्याला लागू असलेला कायदा म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, बोलीत ‘ईपीएस-९५’. सरकारी नोकराला पेन्शनचा काही भाग विकून आगाऊ रक्कम घेता येते, त्याला अंशराशीकरण म्हणतात. त्याच्याशी या निर्णयाची गल्लत करू नये. ईपीएसमध्येही तशी सोय पूर्वी होती. एक तृतीयांशापर्यंत पेन्शन विकता येई. २००८ मध्ये ती काढून टाकण्यात आली.

पार्श्वभूमी. १९५२ चा भविष्यनिर्वाह निधी कायदा सुरुवातीला ज्या ६ उद्योगांना लागू झाला त्यांत कापडगिरण्या होत्या, त्यामुळे सोलापूरचा गिरणी कामगार ‘फंडा’ला फार आधीपासून ओळखतो. पण फंड म्हणजे एकरकमी पैसा. १९७१ मध्ये कुटुंब निवृत्तिवेतन योजना आली, तीही कामगार मेल्यावर घरच्यांसाठी. हयात कामगाराला म्हातारपणी दरमहा काही मिळण्याची तरतूद १९९५ मध्येच झाली. गिरणी सुटली की फंड आणि ग्रॅच्युइटी एकदम हातात येते, ही गिरणगावातली जुनी सवय, आणि पेन्शनचे पैसेही ‘काढायचेच असतात’ हा समज बहुधा तिथूनच आला असावा. विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी कायदा १९७७ मध्ये लागू झाला. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका कारखान्याच्या कामगार ठरतात का, यावर मालकांनी वाद घातला. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामगारच आहेत असा निर्णय दिला. सोलापूरच्या पूर्व भागातील हजारो घरांना फंडाचा, आणि म्हणून पुढे पेन्शनचाही, हक्क त्या निकालाने पक्का झाला.

पैसा कुठून येतो. कामगाराच्या पगारातून साधारणपणे १२ टक्के कापले जातात ते सगळे फंडात जातात. मालकही तितकेच भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन निधीत वळतात आणि उरलेले फंडात. २०१४ पासून पेन्शनसाठी पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे, म्हणून पेन्शन निधीत महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये जातात. फंडावर दरवर्षी व्याज चढते. पेन्शनच्या रकान्यावर ते चढत नाही, कारण तो पैसा कामगाराच्या नावे साठत नसून सर्वांच्या सामाईक निधीत जातो. पासबुकातला तिसरा रकाना बघून ‘माझे पेन्शनचे एवढे जमले, शिवाय व्याज’ असा हिशेब मांडणारा माणूस पुढे हमखास फसतो. त्याला जे मिळते ते त्या रकान्यावरून ठरतच नाही.

ते ठरते सेवेच्या वर्षांवरून आणि पगारावरून. एकूण सेवा १० वर्षांपेक्षा कमी असेल तरच पैसे उचलण्याची मुभा आहे. सहा महिने वा अधिक उरले तर ते पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे साडेनऊ वर्षे झाली की १० धरली जातात आणि परताव्याचे दार बंद होते. मग फक्त मासिक पेन्शन. १० वर्षांच्या आत सोडणाऱ्यासमोर दोन वाटा असतात आणि दोन्हींचा अर्ज एकच, १०-सी. त्यात परतावा मागता येतो किंवा सेवेचे प्रमाणपत्र मागता येते. परतावा मिळतो तो नोकरी सोडतानाच्या पगाराला योजनेतील ‘ड’ तक्त्याच्या गुणकाने गुणून: ५ वर्षांना ५.०२, ८ वर्षांना ८.२२, ९ वर्षांना ९.३३. म्हणजे वर्षाला साधारण एक महिन्याचा पगार. २०२४ पर्यंत अर्धवट वर्षाचे महिने वाया जात. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर पूर्ण झालेला प्रत्येक महिना मोजला जातो. मासिक पेन्शनचे सूत्र वेगळे आहे. शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या वर्षांना मात्र ६,५०० रुपयांचीच मर्यादा लागते. पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. ५० नंतर आधी घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी तितक्या वर्षांची दरसाल ४ टक्के कपात सोसावी लागते.

दोन सूत्रांतला महत्त्वाचा फरक पगाराच्या तारखेत आहे. परतावा आजच्या पगारावर मोजतात आणि तिथेच गोठवतात. सेवा प्रमाणपत्राने जोडून ठेवली, तर तीच जुनी वर्षे पुढच्या, शेवटच्या नोकरीच्या पगारावर मोजली जातात. कमी पगारावर नोकरी सुटणाऱ्याला हा फरक सर्वांत मोठा पडतो, आणि नेमका तोच पैसे आधी उचलतो.

उदाहरण घेऊ. एक कामगार २०१५ मध्ये तिशीत टॉवेल कारखान्यात लागला, ९ वर्षांनी, ३९ व्या वर्षी सुटला. सुटताना पगार ८,००० रुपये. त्याचा परतावा ८,००० गुणिले ९.३३, म्हणजे ७४,६४० रुपये. पुढे काही वर्षे त्याने स्वतःचे दोन माग चालवले, मग वयाच्या ५० व्या वर्षी पुन्हा एका मोठ्या कारखान्यात लागला आणि ८ वर्षे काम करून ५८ व्या वर्षी निवृत्त झाला. शेवटची पाच वर्षे पगार १५,००० किंवा अधिक. पहिल्या वेळी त्याने पैसे उचलले असतील, तर दुसऱ्या नोकरीची ८ वर्षे एकटी पडतात आणि १० भरत नाहीत. पुन्हा परतावाच: १५,००० गुणिले ८.२२, १,२३,३०० रुपये. पहिले ७४,६४० रुपये त्याने १९ वर्षे ६ टक्क्यांनी अजिबात न हात लावता ठेवले असते, तर ते सुमारे २ लाख २६ हजार झाले असते. दोन्ही मिळून ३ लाख ४९ हजार, आणि त्यांचे ६ टक्क्यांनी व्याज महिन्याला साधारण १,७५० रुपये. प्रमाणपत्र घेतले असते, तर सेवा ९ अधिक ८, अशी १७ वर्षे झाली असती: १५,००० गुणिले १७ भागिले ७०, दरमहा ३,६४३ रुपये. दुप्पटीहून जास्त. शिवाय तो गेल्यावर पत्नीला त्याची निम्मी पेन्शन, २५ वर्षांखालील दोन मुलांना प्रत्येकी विधवा-पेन्शनच्या चौथाईइतकी. दुसऱ्या बाजूला, पेन्शनमध्ये मुद्दल वारसांना परत मिळत नाही, आणि बँकेतली रक्कम राहिलेली असते तर ती मिळाली असती.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. सुटतानाच पगार १५,००० असेल आणि पुढेही मर्यादा तीच राहिली, तर ९ वर्षांचा परतावा १,३९,९५० रुपये होतो. तो १९ वर्षे ६ टक्क्यांनी वाढवला तर सुमारे ४ लाख २३ हजार होतात आणि त्याचे व्याज महिन्याला २,१०० च्या घरात जाते. त्याच ९ वर्षांचे पेन्शनमूल्य आहे १,९२९ रुपये. तेव्हा वरच्या पगाराच्या माणसाला शिस्त असेल तर आकडेमोडीत परतावा हरत नाही. आणि ज्याला पुन्हा अशा नोकरीत जायचेच नाही, त्याचे प्रमाणपत्र तर नुसते पडून राहते. १० वर्षे भरली नाहीत तर ५८ व्या वर्षीही परतावाच मिळतो, तोही जुन्याच पगारावर, वाट पाहिल्याचे व्याज न देता. सोलापुरात हे महत्त्वाचे आहे, कारण साधारणपणे २० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कायदा आपोआप लागू होत नाही, आणि शहरातले बरेच माग अशा छोट्या जागांत चालतात. छोट्या मागावर किंवा शेतावर जाणारा माणूस पैसे उचलतो तेव्हा तो चूक करतोच असे नाही. चूक होते ती पुन्हा कारखान्यात जाण्याची शक्यता असताना उचलणाऱ्याची. तो झालेली वर्षे कायमची पुसतो, आणि ती परत विकत घेता येत नाहीत.

व्यवहारात बिघडते ते बहुधा कागदांत. नोकरी सुटताच सायबर कॅफेत फंडाचा १९ नंबरचा आणि पेन्शनचा १०-सी असे दोन्ही अर्ज एकाच बैठकीत भरले जातात. फंड हवा होता म्हणून पेन्शनही निघून जाते. फंडाचा अर्ज एकटाही देता येतो, हे तिथे क्वचित सांगितले जाते. चाकणला अकरा-अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या मुलांकडे दोन-तीन यूएएन नंबर असतात आणि सेवा तुकड्यांत पडते. ती एका नंबराखाली आणून जुन्या खात्याची बदली करून घेतली की तुकडे जुळतात. न घेतल्यास प्रत्येक तुकडा १० वर्षांहून लहान दिसतो आणि कामगाराला वाटते आपल्याला पेन्शन नाहीच. सेवा सोडल्याची तारीख नोंदलेली नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. विडी कामगार बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण: पान-तंबाखू न मिळाल्याने जे दिवस काम झाले नाही, ते बिनपगारी म्हणून नोंदले गेले तर सेवेतून वजा होतात. हजेरीत १० वर्षे आहेत असे मानणाऱ्या बाईच्या कागदावर ती नऊच निघू शकतात. म्हणून १० च्या आसपास असलेल्याने नोकरी सोडण्यापूर्वीच सेवेचा इतिहास पोर्टलवर किंवा सोलापूरच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात तपासून घ्यावा. सोडल्यावर तपासण्यात अर्थ नाही, कारण राहिलेले महिने भरण्याची संधी तेव्हा गेलेली असते.

मुदत. परतावा मागण्यासाठी पूर्वी दोन महिने बेकार असणे पुरेसे होते. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ही मुदत ३६ महिने करण्याचा निर्णय घेतला, त्यामागे सेवा तुटण्याचे हेच कारण होते. ज्या घरात काम सुटल्यावर दुसऱ्याच आठवड्यात भाडे द्यायचे असते तिथे तीन वर्षे थांबणे जड जाते, हेही खरे. फंडातून मात्र आधी रक्कम काढता येते, म्हणून तातडीचा खर्च फंडातून आणि सेवा जपून, असा मेळ बसवता येतो.

पेन्शनची रक्कम लहान राहते, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. २०१४ पासून किमान मासिक पेन्शन १,००० रुपये आहे आणि महागाईबरोबर ती वाढत नाही. ५८ व्या वर्षी १०-डी अर्ज भरल्यावर पेन्शन सुरू होते; त्यानंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण वर्षानुवर्षे विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांना ठशाच्या यंत्रापुढे ताटकळावे लागते.