एक पेशंट, एक नंबर

परवा देवनारच्या मावशीसाठी ओपीडीची ऑनलाइन अपॉइंटमेंट घेत होतो. नाव, वय, मोबाइल भरला, लक्षणांत ‘दोन आठवडे खोकला, संध्याकाळी ताप’ लिहिलं. लगेच नवा नोंदणी क्रमांक आला, पण जुने रिपोर्ट गायब! जुन्या केसपेपरवर नाव लतिका आणि मोबाइल काकांचा, मी भरलं लता. म्हणजे सिस्टिमच्या लेखी दोन वेगळ्या बायका.

हा घोळ कॉम्प्युटरहून जुना. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये प्रत्येक डॉक्टर नोंदी आपापल्या वहीत ठेवायचा. १९०७ साली हेन्री प्लमर यांनी प्रत्येक पेशंटला एकच नंबर देऊन सगळे कागद एकाच फाइलीत आणले. आपल्याकडे २०१५ साली ors.gov.in आलं. तिथे नव्या पेशंटला नंबर मिळतो, पण तो त्या हॉस्पिटलपुरता. २०२१ पासून देशभर आलेला चौदा आकडी ‘आभा’ हॉस्पिटलं जोडतो खरा, पण जुने कागद आपोआप त्यात येत नाहीत, ते जोडावे लागतात.

“अरे, तो पिवळा कागद रेशनकार्डात आहे,” मावशी म्हणाली. नवी अपॉइंटमेंट रद्द केली, ‘जुना पेशंट’ निवडून त्यावरचा नंबर टाकला. मागच्या वर्षीचा एक्स-रे समोर!