चेहऱ्याचे घरगुती लेप : हळद, डाळीचे पीठ, लिंबू

डाळीच्या पिठात चिमूटभर हळद घालून ते दुधात किंवा दह्यात कालवायचे आणि चेहऱ्याला लावायचे, ही रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे. बहुतेकांना हा लेप सोसतो. त्यात रंग उजळावा म्हणून लिंबू पिळण्याची सवय मात्र घातक आहे.

डाळीचे पीठ चेहऱ्यावरचे तेल आणि मळ शोषून घेते; त्याचा गुण एवढाच. दोन चमचे पीठ सैलसर कालवून दहा मिनिटे ठेवावे आणि ओलसर असतानाच पाण्याने धुवावे. लेप कडक वाळवून खरवडून काढला तर त्वचा सोलवटते, मुरुमे असतील तर ती चिघळतात. हळदीने त्वचा पिवळी दिसते, गोरी होत नाही. काहींना हळदीचीही ॲलर्जी असते, म्हणून लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. सुट्या हळदीत कधी कधी मेटॅनिल यलो किंवा शिशाचा रंग मिसळलेला असतो. 

लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५, तर निरोगी त्वचेचा साधारण ५ असतो. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट आम्लता, त्यामुळे हा रस त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आम्ल ठरतो. आग होते ती यामुळे, ‘गुण येतोय’ म्हणून नव्हे. दुसरा धोका लगेच कळत नाही. लिंबाच्या सालीत आणि थोड्या प्रमाणात रसात फ्युरोकौमारिन नावाची द्रव्ये असतात. त्वचेवर ती असताना ऊन लागले की पेशी भाजतात. आपले कागदी लिंबू या बाबतीत विशेष जपून वापरावे, कारण पिळताना सालीतले तेलही रसात उतरते.

समजा, एखादीने सकाळी लिंबू घातलेला लेप लावला, चेहरा वरवर धुतला आणि ती उन्हात बाहेर पडली. त्या दिवशी काहीच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी गालावर लाली येते, आग होते, क्वचित फोड येतात. पुढे तिथे तपकिरी डाग उरतात, आणि हनुवटीवरून मानेकडे रस ओघळला असेल तर त्याच वाटेने काळसर पट्टा उमटतो. ॲलर्जीत मुख्यतः खाज सुटते. इथे आग जास्त असते आणि डाग रस व ऊन दोन्ही पोचले तिथेच दिसतात.

रस लागल्याचे ध्यानात येताच साबणाने धुवावे आणि उन्हात जाणे टाळावे. उमटलेले डाग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप फिकट होतात. ते घालवण्यासाठी पुन्हा लिंबू किंवा खाण्याचा सोडा चोळला तर सावळ्या त्वचेवर ते आणखी गडद होतात. फोड आले असतील किंवा डोळ्यांजवळ सूज असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.