वडीगोद्री नाव २४० पी मध्ये: टीव्हीची पट्टी फोनवर येते तेव्हा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. विषय आहे बोलणाऱ्या माणसाच्या छातीशी येणारी नावाची पट्टी. न्यूजरूममध्ये तिला ‘ॲस्टन’ किंवा ‘बँड’ म्हणतात, पुस्तकी नाव ‘लोअर थर्ड’. ही पट्टी आली कुठून आणि आपल्या फोनवर ती नीट वाचता का येत नाही, असा आजचा प्रवास आहे.

सुरुवात जालना जिल्ह्यातून करू. जून २०२४ मध्ये अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांचं ओबीसी आरक्षणासाठी उपोषण चालू होतं. तिथून काही किलोमीटरवर अंतरवाली सराटी, म्हणजे मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षण आंदोलनाचं गाव. एकाच परिसरात दोन आंदोलनं, मागण्या एकमेकांविरुद्ध, आणि बातम्या बघणारे बहुतेक लोक फोनवर. गळ्यात गमछा, मागे मांडव, समोर माईक. फ्रेम दोन्हीकडे साधारण सारखीच. मग कोण बोलतंय आणि कुठून बोलतंय, हे सांगायला उरते फक्त ती पट्टी. ती वाचता आली नाही तर एकाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर खपू शकतं. त्या वातावरणात ही किरकोळ गोष्ट नव्हती.

आता थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. कॅरेक्टर जनरेटर हे यंत्र रुळण्याआधी टीव्ही स्टुडिओत नाव दाखवायची पद्धत एकदम हातकामाची होती. काळ्या कार्डावर पांढऱ्या अक्षरांत नाव लिहायचं, एक कॅमेरा कार्डावर आणि दुसरा माणसावर लावायचा. व्हिजन मिक्सरवर कार्डातलं काळं गाळून पांढरं तेवढं माणसाच्या चित्रावर चढवायचं. पुढे हे काम यंत्रं करू लागली. ब्रिटनमधल्या ॲस्टन कंपनीची अशी यंत्रं इतकी चालली की आपल्याकडे कंपनीचं नावच पट्टीला चिकटलं. अमेरिकेत तेच ‘कायरॉन’चं झालं. आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसंच.

पट्टी खाली का, आणि तरी अगदी तळाशी का नाही? खाली, कारण वर चेहरा असतो. तळाशी नाही, कारण जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे कापल्या जायच्या आणि प्रत्येक सेटवर वेगवेगळ्या. म्हणून नियम ठरला की चारही बाजूंनी दहा-दहा टक्के जागा सोडायची आणि मधल्या ८० टक्क्यांतच अक्षरं ठेवायची. याला म्हणतात ‘टायटल सेफ’. म्हणजे पट्टीची जागा ठरवली ती काचेच्या पेटीने.

त्याच पेटीने देवनागरीला एक वेगळा त्रास दिला. जुनं प्रक्षेपण एका वेळी पूर्ण चित्र पाठवत नसे. आधी विषम ओळी, मग सम ओळी, असं आलटून पालटून चालायचं. सेकंदाला ५० अर्धी चित्रं. आता एखादी आडवी रेघ फक्त एकाच ओळीइतकी जाड असेल, तर ती ५० पैकी २५ वेळाच दिसणार आणि लुकलुकणार. रोमन लिपीत आडव्या रेघा तुटक असतात. आपल्याकडे तर शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेषा! बारीक शिरोरेषेचं नाव टीव्हीवर थरथरणारच. म्हणून पडद्यावरची देवनागरी जाड असावी, हा शहाणपणा त्या काळचा. भारतीय लिप्या संगणकावर आणायचं ‘जिस्ट’चं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ते पुढे वाढलं.

मग २००७-०८ च्या सुमाराला चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि पट्ट्यांचे मजले चढले: नाव, पद, ब्रेकिंग, खाली धावती ओळ. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि हेच चित्र जसंच्या तसं फोनवर उतरलं. पडदा बदलला, पट्टीची मापं मात्र टीव्हीचीच राहिली. गडबड इथे झाली.

जरा हिशोब करू, सोपा आहे. साडेसहा इंची फोन उभा धरला तर त्याची रुंदी साधारण ६८ मिलिमीटर. आडवा व्हिडिओ तेवढ्या रुंदीत बसतो, म्हणजे १९२० पिक्सेल ६८ मिलिमीटरमध्ये. एका मिलिमीटरला २८ पिक्सेल. टीव्हीसाठी बरा वाटणारा ४० पिक्सेलचा फॉन्ट घेतला तर तो फोनवर १.४ मिलिमीटरचा होतो. छपाईच्या भाषेत चार पॉइंट. औषधाच्या डबीवरचा मजकूरही बहुधा याहून मोठा असतो. तुम्ही म्हणाल, फोन डोळ्याजवळ असतो की! बरोबर. ३२ इंची टीव्ही अडीच मीटरवर आणि फोन ३५ सेंटिमीटरवर धरला, तर डोळ्याला फोनवरचं अक्षर टीव्हीच्या दोन तृतीयांश दिसतं. हा फरक चालवून घेता आला असता. पण फोनवर ऊन पडलेलं असतं, हात हलत असतो आणि मुख्य म्हणजे नेटवर्क.

गर्दीच्या ठिकाणी टॉवरवर ताण आला की यूट्यूब गुपचूप २४० पी वर उतरतं. म्हणजे १०८० ओळींचं चित्र २४० ओळींत. आपला ४० पिक्सेलचा फॉन्ट तिथे नऊ पिक्सेलचा उरतो आणि त्या नऊ पिक्सेलमध्ये देवनागरीचे तीन मजले बसवायचे असतात: वर मात्रा-वेलांटी-अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार. ‘वडीगोद्री’ लिहून बघा. दोन वेलांट्या, एक ओकार, आणि ‘द्री’मध्ये द ला चिकटलेली र ची बारकी तिरपी रेघ. ती रेघ एखाद्या पिक्सेलची उरते आणि कॉम्प्रेशन पहिल्यांदा तीच खातं. गाव होतं ‘वडीगोदी’. ‘अंतरवाली’वरचा अनुस्वार म्हणजे एक टिंब, तेही गायब. ‘लक्ष्मण’मधला क्ष्म तर गोळाच होतो. इंग्रजीत एखादं अक्षर पुसट झालं तरी शब्दाचा अंदाज लागतो. आपल्याकडे अर्थाचे तुकडे या लहान खुणांमध्येच दडलेले असतात.

यावर उपाय म्हणून लोक सगळ्यात जाड फॉन्ट लावतात. माझ्या मते ही घाई आहे. भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक म्हणजे मुख्यतः शिरोरेषेतली छोटी फट. अक्षर अति जाड केलं की लहान आकारात ती फट बुजते आणि ‘भगवान’चा ‘मगवान’ होतो. त्यापेक्षा सेमीबोल्ड घ्या आणि आकार वाढवा. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ फॉन्ट फुकट आहे आणि त्यात जाडीचे सात प्रकार आहेत. नाव ८० पिक्सेल केलं तर २४० पी वर १८ पिक्सेल मिळतात आणि द्री वाचता येते. पूर्ण आकाराच्या हिशोबाने फोनवर तो आठ पॉइंट होतो. जागा पुरत नसेल तर पद छाटा, नाव लहान करू नका. ‘लक्ष्मण हाके’ आणि खाली ‘वडीगोद्री’, बास. संघटनेचं लांबलचक नाव निवेदकाने बोलून सांगावं.

रंगाचंही एक आहे. व्हिडिओ साठवताना उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवतात, पण रंगाची चार पिक्सेलमागे एकदाच. म्हणून निळ्यावर लाल अक्षरं फाटलेली दिसतात, तर गडद पट्टीवर पांढरी अक्षरं टिकतात. आणि इंग्रजी टेम्प्लेटमधलं अक्षरांतलं ऐसपैस अंतर तसंच ठेवलंत तर शिरोरेषा तुटते. ते शून्यावर आणा.

आता हालचाल. टेम्प्लेटमध्ये सगळ्यात लाडका असतो टायपरायटर इफेक्ट: एकेक अक्षर टकटक उमटतं. इंग्रजीला ठीक आहे. संगणकाला ‘वडीगोद्री’ चार अक्षरी दिसत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हे टाकून बघा:

```
[..."वडीगोद्री"].length   // 9
```

वेलांटी, ओकार आणि हलन्त वेगळे मोजले जातात. त्यामुळे इफेक्ट आधी ‘द’ दाखवतो, मग पाय मोडलेला ‘द्’, मग ‘द्र’, मग ‘द्री’. नाव उमटत नाही, अडखळतं. अख्खी पट्टी डावीकडून एकदम उघडा, अर्ध्या सेकंदात, आणि मग ती पाच सेकंद अजिबात हलवू नका. स्थिर राहणं कॉम्प्रेशनसाठीही गरजेचं आहे. जे हलतं त्यावर डेटा खर्च होतो आणि कमी डेटात हलती अक्षरं विरघळतात. सतत चमकणारी पट्टी पाच सेकंद पुसट, स्थिर पट्टी काही फ्रेम्समध्ये स्वच्छ. पट्टी उघडणारा मास्क मात्र उंच ठेवा. इंग्रजी कॅपिटलच्या मापाने केलेला मास्क वेलांटीचं डोकं कापतो.

शेवटचा प्रश्न उभ्या व्हिडिओचा. मुलाखत आडवी घेतली आणि नंतर रीलसाठी मधला भाग कापला, तर रुंदीचा तिसरा हिस्साही उरत नाही. डाव्या कोपऱ्यातली पट्टी गेलीच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कितीतरी क्लिपमध्ये नाव अर्धं किंवा बेपत्ता असतं, ते अनेकदा यामुळे. म्हणून उभ्या आवृत्तीसाठी पट्टी नव्याने करा. तिथे १०८० पिक्सेल ६८ मिलिमीटरमध्ये असतात, त्यामुळे ६४ पिक्सेलचं नावही चार मिलिमीटरचं होतं, वर्तमानपत्राच्या अक्षराइतकं. पण खाली चॅनेलचं नाव आणि कॅप्शन, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं. पूर्वी कडा लाकडी चौकटीमागे जायच्या, आता ॲपमागे जातात. तळाचा पाचवा भाग आणि उजवी कड मोकळी सोडून पट्टी वर घ्यावी लागते, जवळजवळ छातीच्या मध्यावर. नाव ‘लोअर थर्ड’च राहिलंय, जागा नाही.

प्रकाशित करण्याआधीची चाचणी पाच मिनिटांची आहे. व्हिडिओ अनलिस्टेड टाका, घरातला सगळ्यात स्वस्त फोन घ्या, क्वालिटी हाताने २४० पी करा, दारात उन्हात उभे राहा. ज्याला नाव आधी माहीत नाही अशा कुणाला तरी ते मोठ्याने वाचायला सांगा. ‘वडीगोदी’ ऐकू आलं, की परत टाइमलाइनवर.