शेगावची शिरगणती : ५२,४१८ ते ५९,६७२

शेगाव म्हटले की डोळ्यांसमोर गर्दीच उभी राहते. रेल्वे स्थानकापासून मंदिरापर्यंत अखंड वाहणारा माणसांचा लोंढा पाहिला, की हे गाव झपाट्याने वाढत असणार असे कोणालाही वाटेल. जनगणनेचे आकडे मात्र वेगळीच हकीकत सांगतात. आजचा हा धागा त्या हकीकतीविषयी.

२००१ च्या जनगणनेत शेगाव नगरपरिषदेच्या हद्दीत ५२,४१८ माणसे नोंदली गेली. २०११ मध्ये ती ५९,६७२ झाली. म्हणजे दहा वर्षांत ७,२५४ माणसांची भर पडली.

या वाढीचे शेकडा प्रमाण काढताना भागाकार नेहमी जुन्या आकड्याने करावा. ७,२५४ भागिले ५२,४१८, गुणिले १००, उत्तर १३.८४ टक्के. नव्या आकड्याने भागले तर उत्तर १२.१६ येते. ती वाढ नव्हे. २०११ च्या लोकसंख्येत नव्या भरीचा वाटा किती, एवढेच ते सांगते. स्थानिक स्मरणिकांमधून ही गफलत वारंवार आढळते.

आता हा १३.८४ चा आकडा शेजाऱ्यांशी ताडून पाहू. त्याच दशकात बुलढाणा जिल्हा २२,३२,४८० वरून २५,८६,२५८ वर गेला, म्हणजे १५.८५ टक्क्यांनी वाढला. महाराष्ट्राची वाढ १५.९९ टक्के होती. खेडीपाडी धरून संपूर्ण जिल्हा जितका वाढला, तितकेही शेगाव वाढले नाही! राज्याच्या नागरी लोकसंख्येतील वाढ तर २३.६ टक्के होती. परंतु तिच्याशी तुलना करणे न्याय्य नाही, कारण २००१ मध्ये खेडी म्हणून मोजलेली आणि २०११ मध्ये शहरे ठरलेली अनेक गावे तीत मिसळलेली आहेत. खरी तुलना जिल्ह्याशीच.

याच दशकात ‘आनंद सागर’ नावारूपाला आले आणि यात्रेकरूंची रीघ वाढली. मग ही सारी माणसे मोजणीत गेली कोठे?

याचे उत्तर मोजणीच्या नियमात आहे. १९३१ पर्यंत आपल्याकडे एकाच रात्रीची शिरगणती होत असे. त्या रात्री जो जेथे सापडेल, तो तेथला. १९४१ पासून ही पद्धत सुटली आणि माणूस त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणी मोजला जाऊ लागला. २०११ मध्ये प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारी या काळात घरोघर फिरले आणि १ मार्चची मध्यरात्र हा संदर्भक्षण मानला गेला. बेघरांची नोंद तेवढी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली.

आता पंचांग उघडा. गजानन महाराजांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीस येतो. २०११ मध्ये महाशिवरात्र २ मार्चला होती, म्हणजे सप्तमी त्याआधी सुमारे आठवडाभर, मोजणी चालू असतानाच! २००१ मध्येही ती फेब्रुवारीच्या मध्याला, मोजणीच्या काळातच आली होती. जुनी एका रात्रीची पद्धत असती आणि तिचा दिवस या तिथीवर पडला असता, तर शेगावचा आकडा फुगून निरुपयोगी झाला असता. नव्या नियमाने मात्र दोन दिवसांसाठी आलेला वारकरी आपल्या गावीच नोंदला गेला. वसतिगृहात वर्षभर राहणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी शेगावात मोजले जातात. पण त्यांची एक तुकडी जाते तेव्हा दुसरी येते, त्यामुळे संख्येत त्यांचा वाटा असला तरी वाढीत तो फारसा दिसत नाही.

म्हणजे ५९,६७२ ही शेगावात राहणाऱ्यांची संख्या आहे. पाणी पिणाऱ्यांची, रस्ता तुडवणाऱ्यांची संख्या ती नव्हे. नगरपरिषदेच्या सदस्यसंख्येचा हिशेब मात्र जनगणनेच्या आकड्यावरच चालतो. यात्रेच्या गावांची ही जुनीच अडचण.

आता पुढचा अंदाज. तो दोन रीतींनी बांधता येतो. पहिली रीत अंकगणिती : मागील दशकात ७,२५४ वाढले, तर पुढच्या दशकातही तितकेच वाढतील असे धरायचे. ५९,६७२ अधिक ७,२५४, म्हणजे २०२१ साठी ६६,९२६. दुसरी रीत भूमितीय : वाढीचा दर तोच राहील असे धरायचे. ५९,६७२ चे १३.८४ टक्के होतात सुमारे ८,२५८, म्हणून २०२१ साठी ६७,९३०. दोहोंत फरक हजाराचाच. परंतु असेच २०३१ पर्यंत गेलो, तर पहिली रीत ७४,१८० देते आणि दुसरी सुमारे ७७,३३०. अंदाज जितका लांबवावा, तितकी ही फट रुंदावते.

वार्षिक दर हवा असेल, तर १३.८४ ला दहाने भागून १.३८ काढू नये. हा दर चक्रवाढीने दहा वर्षे लावला, तर दशकाची वाढ १४.७ टक्के होऊन बसते. योग्य दर सुमारे १.३० टक्के.

हा दर शेगावच्या अंगवळणी पडलेला आहे काय? १९०१ मध्ये, म्हणजे महाराज हयात असताना, हे अकोला जिल्ह्यातील खामगाव तालुक्याचे एक कापसाचे गाव होते. वस्ती सुमारे १५ हजार. तेथपासून २००१ पर्यंतची सरासरी काढली, तर दर दशकाला सुमारे १३.३ टक्के येते. मेळ सुंदर जमतो. पण त्यावर भाळू नये. १९११ ते १९२१ या दशकात १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशाची एकूण लोकसंख्याच घटली होती. स्वातंत्र्योत्तर दशकांत ती वेगाने वाढली. सरासरीने दोन्ही झाकून टाकले आहे. शिवाय राज्याचा दशवार्षिक दर १९९१–२००१ मधील २२.७ वरून पुढच्या दशकात १६ वर उतरला. कुटुंबे लहान होत असताना जुना दर तसाच पुढे ओढला, तर अंदाज चढाच निघण्याचा संभव अधिक. म्हणून माझ्या मते भूमितीय आकडा ही वरची मर्यादा समजावी.

२०२१ ची जनगणना महासाथीमुळे झालीच नाही, तेव्हा पडताळा अजून बाकी आहे. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. दशकाऐवजी सोळा वर्षांचे अंतर धरून हिशेब केला, तर अंकगणिती रीतीने सुमारे ७१,३०० आणि भूमितीय रीतीने सुमारे ७३,४०० येतात.

आकडा जाहीर होईल तेव्हा आधी नगरपरिषदेची हद्द २०११ चीच आहे की वाढली, हे पाहावे. लगतची वस्ती हद्दीत आली असेल, तर एकही नवा माणूस न येता आकडा फुगतो, आणि मग जुनी हद्द वेगळी काढल्याशिवाय टक्केवारी काढण्यात अर्थ उरत नाही. हद्द तीच असूनही आकडा ७३,४०० च्या बराच वर गेला, तर बाहेरून लोक येऊन स्थायिक होत आहेत असे म्हणता येईल. ७१ हजारांच्या खाली राहिला, तर जन्मदर उतरला की तरुण पुण्या-नागपूरकडे गेले, हे वयोगटांच्या तक्त्यात शोधावे लागेल. पाळण्यातली मुले कमी दिसली तर पहिले कारण, वीस ते चाळीस वयाचा गट खंगलेला दिसला तर दुसरे.