फाइल-मागणी लिंक (फक्त अपलोडसाठी)

अनेकांकडून कागदपत्रे किंवा छायाचित्रे गोळा करण्यासाठी दिलेला असा ऑनलाइन पत्ता, ज्यावर पाठवणाऱ्याला फाइल टाकता येते, पण फोल्डरात आधीपासून काय आहे ते दिसत नाही. रचना देवळातल्या दानपेटीसारखी असते. टाकण्याची फट सर्वांसाठी, किल्ली एकाकडे.

कल्पना जुनी आहे. युनिक्सवरच्या एफटीपी सर्व्हरांत `incoming` नावाचा फोल्डर असे आणि त्यावरची परवानगी अशी बसवत:

```
chmod 733 incoming
```

इथे मालकाला सर्व हक्क मिळतात. इतरांना फाइल ठेवता येते, पण यादी वाचता येत नाही. ‘लिहिणे’ आणि ‘वाचणे’ या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हेच या सोयीचे मर्म. ड्रॉपबॉक्सने २०१५ साली ‘File requests’ आणली. तिथे पाठवणाऱ्याला खातेही लागत नाही. नेक्स्टक्लाउडमध्ये हेच ‘File drop’ नावाने मिळते. गूगल ड्राइव्हच्या फोल्डरला मात्र अशी परवानगी नाही. तिथे दुसऱ्याला फाइल टाकू द्यायची तर ‘Editor’ करावे लागते, आणि मग त्याला सगळे दिसते, खोडताही येते. गफलत नेमकी इथेच होते. म्हणून गूगल वापरणाऱ्यांनी फोल्डरची लिंक न देता गूगल फॉर्ममधला ‘File upload’ हा प्रश्नप्रकार वापरावा.

नाशिकचे उदाहरण घेऊ. गोदावरीचा पूर इथे दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजला जातो: पाणी कमरेला लागले, छातीला आले, डोक्यावरून गेले. १९६९, २००८ आणि २०१९ च्या पुरांची छायाचित्रे पंचवटी, रामकुंड, सराफ बाजार परिसरातल्या घराघरांत आहेत. समजा एखाद्या वाचनालयाला ती गोळा करायची आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवली तर ती एकमेकांना दिसतात, शिवाय नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली वेळेची नोंद निघून जाते. पुराच्या फोटोत वेळच हरवली, तर पाणी किती वाजता कुठवर होते हे सांगणारा पुरावाच हरवला. फॉर्ममधून फाइल आहे तशी येते. वेळ सहसा टिकते. स्थानाची नोंद मात्र फोनच्या सेटिंगप्रमाणे कधी येते, कधी नाही.

आता हिशोब. १२० जण प्रत्येकी ५ फोटो देतील असे धरले, तर ६०० फोटो होतात. एक फोटो साधारण ४ एमबीचा धरला तर २.४ जीबी. फॉर्मची एकूण मर्यादा मुळात १ जीबी असते, म्हणजे अडीचशेच्या आसपास फोटो आले की फॉर्म पुढचे स्वीकारत नाही आणि लोकांना वाटते लिंकच बिघडली. ‘Settings’ मध्ये जाऊन ती १० जीबी करावी. प्रत्येक फाइलची मर्यादा १० एमबीवरून १०० एमबीवर न्यावी आणि फाइलप्रकारात फक्त ‘Image’ ठेवावे, म्हणजे कुणी भलतीच फाइल टाकू शकणार नाही. जागा वाचनालयाच्या खात्यातली जाते. फुकट खात्यात ती जीमेलसकट १५ जीबीच असते, म्हणून आधी बघून घ्यावी. जुन्या अल्बममधून स्कॅन केलेल्या फोटोंत काढल्याची वेळ नसतेच, तेव्हा ‘कुठला फोटो, कोणते साल, कुठून काढला’ हा प्रश्न सोबत हवाच.

या पद्धतीत पाठवणाऱ्याला गूगल खात्याने साइन-इन करावे लागते, हे आधीच सांगावे. ज्या आजी-आजोबांना ते जमत नाही, त्यांचा अल्बम नातवाने किंवा वाचनालयातल्या कुणी स्कॅन करून टाकावा. फाइलच्या नावापुढे पाठवणाऱ्याचे खातेनाव आपोआप जोडले जाते, त्यामुळे दहा ‘IMG_0012’ आल्या तरी कुणाच्या ते कळते.

गुप्तता दोन ठिकाणी फुटते. एक, फॉर्ममध्ये ‘View results summary’ चालू राहिले, तर पाठवणाऱ्यांना इतरांची उत्तरे दिसू लागतात. दोन, जमा होणारा फोल्डर कुणी सोयीसाठी ‘Anyone with the link’ करून ठेवतो. मग फॉर्म कितीही बंदिस्त असो, ज्याच्या हाती त्या फोल्डरची लिंक पडेल त्याला आतले सगळे दिसते. ड्रॉपबॉक्समध्येही निवडलेला फोल्डर आधीच इतरांशी शेअर असेल, तर आलेली प्रत्येक फाइल त्या सर्वांना दिसते. म्हणून संकलनासाठी नवा, रिकामा फोल्डर करावा.

लिंक पाठवण्यापूर्वी ती दुसऱ्याच खात्यातून उघडून एक फोटो टाकून पाहावा. फॉर्म आणि अपलोडचे बटण यापलीकडे एकही फाइल, नाव किंवा दुसऱ्याचे उत्तर दिसले, तर लिंक पाठवू नये. मुदत संपली की ‘Accepting responses’ बंद करावे. जमा झालेले फोटो ड्राइव्हच्या फोल्डरात तसेच राहतात.