रिलेच्या झाडाचे दोन फाटे

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला मल्टिप्लेक्सर आणि डीकोडर हे दोन वेगळे प्रयोग असतात, आणि मुलं ते वेगवेगळे पाठ करतात. खरं तर दोघांचं कूळ एकच.

मूळ पुरुष जॉर्ज बूल. तर्काचे नियम गणितात मांडणाऱ्या १८५४च्या ग्रंथात त्याने एक सूत्र दिलं:

f(x) = f(1)·x + f(0)·(1−x)

कोणतंही फलन असो, त्यातला एक चल उचलायचा आणि दोनच प्रश्न विचारायचे: हा १ असेल तर काय उरतं, ० असेल तर काय उरतं? उरलेल्या चलांवर तेच पुन्हा करायचं. हे सूत्र आज पाठ्यपुस्तकांत बहुधा ‘शॅननचा विस्तार’ म्हणून छापतात. बूलवर हा थोडा अन्यायच आहे, पण त्याला कारणही आहे.

क्लॉड शॅननने १९३८च्या आपल्या लेखात बूलचं बीजगणित रिलेच्या मंडलांना लावून दाखवलं. रिलेच्या चेंजओव्हर संपर्काचं मधलं टोक कॉइलमध्ये वीज असली की एका बाजूला टेकतं, नसली की दुसऱ्या. वरचं सूत्र ते हेच. पहिल्या चलाला एक संपर्क, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार, असं सात संपर्कांचं झाड होतं आणि त्याला आठ शेंडे फुटतात. अशा झाडांचा विचार शॅननच्या १९४९च्या लेखात आहे. संपर्कातून वीज दोन्ही दिशांनी जाते. बुंध्याला वीज दिली तर आठांपैकी एकाच शेंड्यावर पोचते: हा डीकोडर. शेंड्यांना आठ संकेत देऊन बुंध्याशी पाहिलं तर निवडलेला एकच दिसतो: हा मल्टिप्लेक्सर. गेटमधून मात्र संकेत एकाच दिशेने जातो. म्हणून आयसी आल्या तेव्हा झाडाच्या दोन वापरांना दोन चिपा लागल्या, आणि भावंडं वेगळी झाली.

७४१५३ घ्या. तिच्यात चार इनपुटांचे दोन मल्टिप्लेक्सर आहेत आणि दोघांच्या सिलेक्ट लाइन सामायिक आहेत. या एका चिपेत फुल ॲडर बसतो. बेरजेचे दोन बिट A आणि B सिलेक्टला द्यायचे आणि मागून आलेला हातचा C इनपुटांसाठी ठेवायचा. दोन्ही बिट ० असतील तर पुढचा हातचा नक्की ०, दोन्ही १ असतील तर नक्की १, एकच १ असेल तर जो C तोच. म्हणून हातच्याच्या मल्टिप्लेक्सरला क्रमाने 0, C, C, 1 जोडायचे. बेरजेच्या मल्टिप्लेक्सरला C, C', C', C. बाहेरचं गेट लागतं ते C' साठीचं एक इन्व्हर्टर.

इथे एक छुपी चूक असते. पुस्तकात A हा बहुधा मोठ्या मानाचा बिट, चिपेवर मात्र A ही लहान मानाची सिलेक्ट पिन आणि B मोठ्या मानाची. A ला A आणि B ला B जोडलं की मधली दोन इनपुटं अदलाबदल होतात. ॲडरमध्ये ती दोन्ही सारखीच असल्यामुळे सगळं बरोबर येतं आणि चूक दिसत नाही. तीच जोडणी ठेवून A मधून B वजा करणारा फुल सबट्रॅक्टर करा; C आता मागून आलेला उसना. उसन्याची इनपुटं C, 1, 0, C अशी आहेत. आता १ मधून ० वजा करताना उसना १ आला, तर सिलेक्ट उलटे लागलेत हे नक्की.

डीकोडर मोठा करणं म्हणजे झाडाच्या बुंध्याखाली आणखी एक संपर्क बसवणं. दोन ७४१३८ मधून सोळा लाइन काढताना खालचे तीन बिट दोन्ही चिपांना सारखेच द्यायचे. चौथा बिट D पहिल्या चिपेच्या G2A ला, जी ० ला चालू होते, आणि दुसरीच्या G1 ला, जी १ ला चालू होते. इन्व्हर्टर लागत नाही, कारण दोन्ही तऱ्हेच्या एनेबल पिना चिपेवर आहेतच. आउटपुट उलटे असतात: निवडलेला ०, बाकी सगळे १. टीटीएलची मोकळी सोडलेली पिन १ धरली जाते. म्हणून D ० असताना एकाच वेळी दोन आउटपुट ० दिसले, तर दुसऱ्या चिपेची G1 जोडायची राहिली आहे. एखादी चिप कधीच चालू झाली नाही, तर तिची G2B मोकळी आहे का ते पाहा.

सुट्या चिपा जोडण्याचे दिवस मागे पडले, झाड मात्र टिकलं. १९८५ साली झायलिंक्सने XC2064 ही पहिली एफपीजीए बाजारात आणली. तिच्या ६४ लॉजिक ब्लॉकांपैकी प्रत्येकात चार चलांचं कोणतंही फलन बसतं. त्यासाठी ट्रुथ टेबलचे सोळा बिट मेमरीत भरतात आणि त्यांतला एक मल्टिप्लेक्सरने निवडला जातो.